चाराचे सहा: गोड बातमी ऑनलाइन द्यायची आहे, गंमतही हवी आणि मोठे काकाही वाचणार आहेत

कुंपणावरची

तेरा आठवडे पूर्ण झाले, परवाची सोनोग्राफी व्यवस्थित पार पडली आणि आता बातमी फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायची असं ठरलंय. इथपर्यंत आम्हा दोघांचं एकमत. पुढे भांडण.

नवऱ्याचा मसुदा असा: "कळवण्यास आनंद होतो की आमच्या रात्रपाळीच्या मेहनतीला फळ आलं आहे. डिलिव्हरी ऑक्टोबरमध्ये. माल परत घेतला जाणार नाही."

लिहून झाल्यावर तो स्वतःच पाच मिनिटं हसत होता. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मग मित्रयादी डोळ्यांसमोर आली. सासूबाई, सासरे, दोन आत्या आणि माझे ८१ वर्षांचे मोठे काका. काका प्रत्येक पोस्टवर प्रतिक्रिया देतात आणि खाली पत्रासारखं स्वतःचं पूर्ण नाव लिहितात. 'रात्रपाळी'च्या खाली काकांचं पूर्ण नाव! माझं हसू तिथेच थांबलं.

माझा मसुदा: "आम्हा उभयतांच्या जीवनात लवकरच एका नव्या जिवाचे आगमन होत आहे. आपले आशीर्वाद असावेत." नवरा म्हणतो, हे परिपत्रक आहे, खाली जावक क्रमांक टाक.

दोन्हींच्या मधलं काही सुचतंय का कुणाला?

फुकटचा_सल्ला

रात्रपाळी काढा, बाकी चालेल.

सरळमार्गी

एवढा विचार कशाला? दोन पोस्टी करा. नवऱ्याची मित्रांना, तुमची ज्येष्ठांना. फेसबुकवर ठरावीक लोकांना वगळता येतं, स्टेटसलाही येतं. आणि नातेवाइकांची एक ब्रॉडकास्ट लिस्ट करा, सगळ्यांना एकाच क्षणी बातमी जाईल, कुणी रुसायला नको. बारा आठवडे झालेत म्हणजे धोकाही संपला. बिनधास्त टाका.

अंधारखोली

सरळमार्गी, यातलं निम्मं बरोबर आहे. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. ज्येष्ठ मंडळींचा फोन बदलला की निम्मे नंबर गायब झालेले असतात. तुम्ही निर्धास्त राहता की सगळ्यांना कळलं, आणि धाकट्या आत्याबाईंना काहीच गेलेलं नसतं. नेमक्या त्याच रुसणार.

आणि 'धोका संपला' हे वाक्य जपून वापरा. मी सोनोग्राफीच्या खोलीत काम करते. गर्भपात होतात त्यातले बरेचसे पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, नंतरचं प्रमाण खूप खाली येतं, म्हणून लोक तिथे रेघ मारतात. पण ते शून्यावर येत नाही. आठव्या आठवड्यात सांगणारी जोडपीही मी पाहिलीत. त्यांचं म्हणणं, काही बिनसलंच तर निदान रडायला माणसं असतील. दोन्ही बाजू मला पटतात.

खोडरबर

मी पंधरा वर्षं जाहिरातींचा आणि शुभेच्छापत्रांचा मजकूर लिहिते, म्हणून जरा सविस्तर.

आधी दोन पोस्टींबद्दल. ते टिकत नाही. एखादी चुलत बहीण कौतुकाने आपला फोन आत्यांपुढे धरते, "बघ गं काय लिहिलंय!" मग आत्यांना दोन गोष्टी एकदम कळतात: विनोद, आणि आपल्याला वगळलं होतं हे. विनोद त्या दोन दिवसांत विसरतात. वगळलेलं नाही विसरत.

आता विनोद. 'ज्येष्ठांना चालणार नाही' अशी तुमची समजूत दिसते. माझ्या मते मेख वेगळीच आहे. ज्येष्ठांना तो विनोद अगदी व्यवस्थित कळतो. पण काकांनी खाली लिहायचं काय? "अभिनंदन" लिहिलं तर ते रात्रपाळीचं अभिनंदन ठरतं! काहीच लिहिलं नाही तर रागावले असं वाटतं. म्हणून मी मजकूर तपासताना 'हे वाचून कोण दुखावेल' हे नंतर बघते. आधी बघते की याच्याखाली प्रत्येक वाचणाऱ्याला न अवघडता एक ओळ लिहिता येईल का.

त्या कसोटीवर तुमच्या नवऱ्याचा मसुदा अर्धाच नापास आहे. 'माल परत घेतला जाणार नाही' चांगलं आहे, कारण ती गंमत पुढे काय होणार याची आहे. 'रात्रपाळी' मागे काय झालं याची आहे. बाळ आल्यावर उडणारी झोप, पसारा, घरातली सत्ता कुणाच्या हाती जाणार, यावर मनसोक्त लिहा. त्यावर काकांनाही टोला मारता येतो. बाळ आलं कसं, हे ज्याचं त्याला माहीत आहे.

दुसरी अडचण उलटी असते. विनोद इतका आडवळणाचा की बातमीच पोहोचत नाही. माझ्या मावसभावाने टाकलं होतं, "आम्ही दोघं मिळून एक नवीन प्रकल्प हाती घेतोय, अठरा वर्षांची मुदत." मामांनी खाली लिहिलं, "कर्ज काढताना व्याजदर नीट बघ." बाकीचे हसले, मामांना कुणीतरी फोन करून सांगितलं, आणि त्यांनी ती प्रतिक्रिया गुपचूप काढून टाकली. मला ते बघवलं नाही. चारचौघांत आपलंच हसं झालं असं त्यांना वाटलं असणार.

तेव्हा कितीही गंमत करा, एक वाक्य सरळ हवं: आमच्याकडे बाळ येतंय. आणि ते वर हवं. पोस्ट लांबली की फेसबुक खालचा मजकूर दुमडून ठेवतं, आणि तो उघडायचा असतो हे सगळ्यांनाच ठाऊक नसतं.

कुंपणावरची

'खाली काय लिहायचं' हे डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी अर्धा पास." त्याने तेवढंच ऐकलं.

ऑनलाइन_आजोबा

नमस्कार. वय ७४. तुम्ही ज्यांच्याबद्दल चर्चा करत आहात त्यांच्यापैकी एक.

आमच्या नातीची बातमी मला शेजाऱ्यांनी सांगितली. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "काय आजोबा, आता पणजोबा होणार म्हणे!" मी हसून "हो हो" म्हटलं आणि घरात येऊन हिला विचारलं. हिलाही माहीत नव्हतं. नातीने आदल्या रात्री काहीतरी टाकलं होतं, शेजाऱ्यांच्या मुलीने ते पाहिलं. आम्ही दोघं नऊ वाजता झोपतो. तिने मुद्दाम केलं नव्हतं, तिला वाटलं आईने आम्हाला सांगितलं असेल. आईला वाटलं तिने सांगितलं असेल.

त्या पोस्टमध्ये विनोद होता की नव्हता, मला आज आठवतसुद्धा नाही. फाटक आठवतं.

विनोदाचं म्हणाल तर आम्ही मित्रमंडळी तरुणपणी याहून वाह्यात बोलायचो. मला काही वाटणार नाही. हिला मात्र वाटेल, आणि मला वाटत नाही हे कळलं तर मलाही ऐकून घ्यावं लागेल.

जाता जाता एक सुचवतो. लग्नात दोनाचे चार हात होतात म्हणतात. मग हे चाराचे सहा.

खोडरबर

आजोबा, दंडवत. पंधरा वर्षं हेच काम करतेय आणि मला नाही सुचलं!

फुकटचा_सल्ला

धागा इथेच संपवा. आजोबा जिंकले.

निवांत_पण_घाईत

माझाही हाच प्रश्न आहे. मी सातव्या आठवड्यात आहे, ऑफिसात कधी सांगू? साहेब कडक आहेत आणि वयानेही मोठे आहेत.

कुंपणावरची

निवांत, तो वेगळा प्रश्न आहे गं, इथे नातेवाइकांचं चाललंय. पण बरं झालं विचारलंस, माझ्या वरिष्ठ बाईही मित्रयादीत आहेत हे मी विसरलेच होते. त्यांना पोस्टच्या आधी प्रत्यक्ष सांगायला हवं. नाहीतर सोमवारी त्या अभिनंदन करणार आणि मागोमाग रजेचं विचारणार. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, अनुभवी लोक येतील.

नाव_नको

मूळ प्रश्नात हे नाही, तरी लिहिते. तुमच्या यादीत उपचार चालू असलेलं किंवा नुकतंच बाळ गमावलेलं कुणी आहे का? मी दोनदा गमावलंय. दुसऱ्या वेळेनंतर महिन्याभरात कुटुंबाच्या ग्रुपवर जावेची बातमी आली. दोन मिनिटांत चाळीस अभिनंदनं, आणि सगळ्यांचं लक्ष मी कधी लिहिते याकडे. मला तिच्याबद्दल आनंद नव्हता असं नाही, पण तो दाखवायला मला एक दिवस हवा होता.

अशा व्यक्तीला आधी एकटीला निरोप पाठवा. लेखी. फोन करू नका, फोनवर तिला त्याच क्षणी आनंदी आवाज काढावा लागतो. निरोपात विनोद नको, फोटो नको. "तुला ग्रुपवर कळू नये म्हणून आधी सांगतेय, उत्तर द्यायची घाई नाही" एवढं पुरे.

कुंपणावरची

माझी नणंद. तीन वर्षं उपचार चालू आहेत. मी इतका वेळ काकांची काळजी करत बसले होते.

आज रात्रीच लिहिते तिला. तुमचं वाक्य जवळजवळ तसंच वापरलं तर चालेल ना?

नाव_नको

वापरा की.

सरळमार्गी

हे मान्य. पण नणंदबाईंना लेखी आणि बाकीच्यांना फोन, यातून त्यांना वेगळं काढल्यासारखं नाही का होणार? आमच्या वहिनी म्हणाल्या असत्या, "मला काय काचेची समजता?"

नाव_नको

म्हणतीलही. माणसागणिक वेगळं असतं. मला स्वतःला काच चालली असती.

अंधारखोली

फोटोचं काय ठरलं? सोनोग्राफीचा फोटो टाकणार असाल तर कडा बघा. वरच्या पट्टीत बहुतेक वेळा तुमचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख आणि केंद्राचं नाव असतं. काही ठिकाणी जन्मतारीख आणि प्रसूतीची अंदाजे तारीखही छापलेली असते. हे कापूनच टाका. लोक फोनवरच्या मार्करने काळं फिरवतात, पण तो मार्कर थोडा पारदर्शक असेल तर उजेड वाढवल्यावर खालची अक्षरं दिसतात.

शिवाय खरं सांगू? त्या करड्या चित्रात ज्येष्ठांना बऱ्याचदा काहीच दिसत नाही. "यात बाळ कुठंय?" असे बारा प्रश्न येतील. आणि कुणीतरी ते उलटं धरून नाक कुणासारखं आहे ते ठरवेल.

कुंपणावरची

ते झालंच! सासऱ्यांनी पोटाची जागा बोटाने दाखवून "डोकं आमच्याकडचं" म्हणून जाहीर केलं. फोटो रद्द.

नवऱ्याने दुसरं काढलं. कोऱ्या कागदावर आमच्या दोघांच्या पंज्यांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढली, चार पंजे, आणि मध्ये थोडी जागा रिकामी सोडली. त्याच्या करंगळीजवळ पेन्सिल घसरली, तिथे सहावं बोट दिसतंय. मी म्हटलं खोड, तो म्हणतो राहू दे.

मजकूर असा जुळवलाय:

"लग्नात दोनाचे चार हात झाले. १२ ऑक्टोबरला चाराचे सहा होणार आहेत. आमच्याकडे बाळ येतंय! नवे दोन हात कामाला किती उपयोगी पडतील याबद्दल शंका आहे, पसारा करायला मात्र नक्की पुरतील. माल परत घेतला जाणार नाही. आजी-आजोबांनी लाड करण्याचा सराव आत्तापासूनच सुरू केला आहे."

खोडरबर

छान झालंय. 'माल' मात्र काढा. 'रात्रपाळी'सोबत तो शोभत होता, कारण तिथे सगळी भाषा कारखान्याची होती. इथे हातांचं चित्र डोळ्यांसमोर असताना मध्येच माल कुठून आला? नवऱ्याला वाईट वाटेल, पण वाटू दे.

शेवटच्या ओळीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांना विचारलंत का? त्यांच्या नावावर गंमत करताय, तर त्यांना पोस्टच्या आधी ती ऐकवा. एखाद्या सासूबाईंना 'आजी' हा शब्द चारचौघांत पहिल्यांदा तुमच्या पोस्टमधून ऐकायचा नसतो.

अंधारखोली

तारीखही काढा, नुसतं 'ऑक्टोबरच्या आसपास' लिहा. १२ ऑक्टोबर म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ जानेवारी धरला असणार, तिथून ४० आठवडे. पण नेमक्या त्या तारखेला जेमतेम पाच टक्के बाळं येतात. सदतिसावा आठवडा २१ सप्टेंबरलाच पूर्ण होतोय, त्यानंतर कधीही आलं तरी त्यात वावगं नाही. तारीख लिहिलीत तर ११ ऑक्टोबरपासून रोज सकाळी "झालं का?" असे फोन येतील, आणि दिवस उलटले तर ते फोन घेण्याच्या अवस्थेत तुम्ही नसाल.

दुसरं कारण जरा खट्याळ आहे. तारीख दिली की नातेवाईक बोटांवर उलटे मोजतात.

कुंपणावरची

मोजून झालं! आईला काल फोनवर तारीख सांगितली. दोन सेकंद शांतता, मग, "पण जानेवारीत तर तुम्ही दोघं आमच्याकडे होतात." मी म्हटलं, "आई, नेटवर्क जातंय."

आठवडे पाळीपासून मोजतात, म्हणजे पहिले दोन नुसते हिशेबापुरतेच असतात, असं समजावून सांगता आलं असतं. पण त्याने काही फरक पडला नसता. त्यानंतरचे दोनही आम्ही तिथेच होतो.

ऑनलाइन_आजोबा

आईंना माहीत असतं. आम्हाला सगळं माहीत असतं. नेटवर्क जातंय हेच उत्तर योग्य.

सरळमार्गी

टॅग करणार का सगळ्यांना? आजी-आजोबांना टॅग केलं की त्यांना मान दिल्यासारखं वाटेल.

खोडरबर

मानापेक्षा ताप जास्त. पोस्ट फक्त मित्रांपुरती ठेवली तरी टॅग केलेल्या माणसाच्या मित्रयादीलाही ती दिसू शकते. सासऱ्यांच्या यादीत कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांना हवं असेल तर ते स्वतः लिहितील, त्यांच्या शब्दांत. बरेच जण मोठ्या हौसेने लिहितात. आणि टाकण्याआधी कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. 'नंतर दुरुस्त करू' म्हणू नका, दुरुस्त केलेल्या पोस्टचा आधीचा मजकूरही लोकांना उघडून बघता येतो.

सरळमार्गी

टॅगबाबत मी असहमत, पण असो. आमच्या आईला टॅग केलं नाही म्हणून ती आठवडाभर बोलत नव्हती.

अनामिक_वाचक

प्रतिसाद काढून टाकला आहे.

कुंपणावरची

झालं एकदाचं. वृत्तांत देते.

नणंदेला गुरुवारी रात्री निरोप पाठवला. शुक्रवारी दुपारपर्यंत काही नाही. मी चार वेळा फोन उघडून बघितला. मग आलं: "आधी सांगितलंस ते बरं केलंस. रविवारी बोलू." रविवारी तिने फोन केला नाही, आणि मीही केला नाही. बघू.

शनिवारी फोन सुरू केले, आजोबांचं फाटक डोक्यात ठेवून सगळ्यात मोठ्यांपासून. काका, मग मोठ्या आत्या, मग धाकट्या. पोस्ट रविवारी टाकू असं ठरवलं होतं, आणि हीच चूक झाली. धाकट्या आत्यांनी फोन ठेवला आणि सातव्या मिनिटाला कुटुंबाच्या ग्रुपवर बातमी, त्यावर सतरा फुलं. माझे अजून पाच फोन बाकी होते. दोन मामा चिडले, एकाची समजूत निघाली. पुन्हा वेळ आली तर सगळे फोन एकाच संध्याकाळी आणि पोस्ट त्याच रात्री, मध्ये दिवस ठेवायचाच नाही. निदान धाकट्या आत्या शेवटी.

सासूबाईंना मजकूर वाचून दाखवला. 'आजी' चाललं, 'सराव' नाही चालला. म्हणाल्या, "सराव कसला, दोन मुलं वाढवलीत मी." तिथे 'लाड करण्याची तयारी' केलं. नवऱ्याला अजूनही वाटतं की 'माल' असायला हवा होता.

रविवारी रात्री पोस्ट टाकली. एका मैत्रिणीने सहावं बोट बघून "सहा हात की सहा बोटं?" विचारलं, एकाने जुळी आहेत का विचारलं. अकरा वाजता काकांची प्रतिक्रिया आली. जशीच्या तशी देते:

"चाराचे सहा झाल्याचे वाचून आनंद झाला. धाकटीने आठाचाही विचार करावा. अनेक आशीर्वाद."

खाली पूर्ण नाव. नावाखाली 'वय ८१'.

फुकटचा_सल्ला

रात्रपाळी परत घाला.